पावसात आणि तिन्हीसांजेला दुचाकीवर दिसायचं कसं: हेल्मेट, रेनकोट आणि रेडियमची पट्टी

रेनकोटच्या दुकानात पाऊल टाकलं की सल्ला तयार असतो: "काळा घ्या नाहीतर नेव्ही ब्लू, मळखाऊ आहे." चिखल दिसत नाही हे खरं, पण त्या रंगात माणूसही दिसत नाही. ओलं डांबर काळं, आभाळ करडं, ट्रकच्या चाकांतून उडणारे तुषार करडे. त्यात तुम्ही गडद निळे. मी 11 वर्षं कात्रज ते शिरवळ दुचाकीने ये-जा करतो. जुलैत आमच्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, पण ढग दाटले की साडेसहालाच अंधारून येतं, आणि आमची शिफ्ट नेमकी तेव्हाच सुटते.

रेनकोटचा रंग

फ्लोरोसंट पोपटी-पिवळा घ्या. साधा लिंबू पिवळा नाही, रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जाकिटाचा तो डोळ्यांत घुसणारा रंग. हा रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून त्यांचा दिसणारा प्रकाश करतो. ढगाळ संध्याकाळच्या उजेडात या किरणांचं प्रमाण चांगलं असतं, म्हणून बाकी सगळं मळकट झालं तरी तो पेटल्यासारखा दिसतो.

लाल मात्र घेऊ नका. उजेड कमी होत जातो तसा आपला डोळा लालला सगळ्यात आधी सोडून देतो. दुपारी झगमगणारा लाल रेनकोट सातला काळपट दिसतो. फ्लोरोसंट केशरी हिरव्यागार घाटात पोपटीपेक्षा उठून दिसतो, पण संध्याकाळी तोही पोपटीच्या आधी मावळतो. दिवसा घाटात भटकणाऱ्यांनी केशरी घ्यावा, कामावरून परतणाऱ्यांनी पोपटीच.

हेल्मेट

आयएसआयचं, पांढरं किंवा पिवळं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला दुचाकीस्वारांवर झालेला एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरं घालणाऱ्यांना अपघातात जखमी होण्याचा धोका 24 टक्के कमी आढळला, आणि फ्लोरोसंट किंवा प्रकाश परतवणारे कपडे घालणाऱ्यांना 37 टक्के कमी. हेल्मेट घरी रंगवायच्या फंदात पडू नका, रंगातल्या आणि थिनरमधल्या रसायनांनी कवच कमकुवत होऊ शकतं.

रेडियमची पट्टी: इथेच मी फसलो

फ्लोरोसंटची मदत अंधार पडेपर्यंतच. हेडलाइटच्या उजेडात अतिनील किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे रात्री तो नुसता फिकट पिवळा कपडा उरतो. तिथून पुढे काम रेडियमचं. नाव रेडियम असलं तरी ती पट्टी स्वतः उजळत नाही, तिच्यावर पडलेला प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते.

पहिल्या वर्षी मी दोन इंची चंदेरी कापडी पट्टी आणून शिंप्याकडून रेनकोटवर शिवून घेतली. घरी टॉर्च मारली तर लखलखाट. महिन्याभराने खेड-शिवापूरला चहाला थांबलो असताना माझ्या मागून आलेला एक ट्रकवाला म्हणाला, "साहेब, अगदी जवळ येईपर्यंत तुम्ही दिसलाच नाहीत." मला राग आला. एवढी पट्टी लावलीय की!

घरी येऊन बघितलं तेव्हा कळलं. इमारतीच्या अंधाऱ्या पार्किंगमध्ये रेनकोट दोरीवर टांगला आणि 30 पावलं मागे गेलो. टॉर्च डोळ्यांपाशी नाही, छातीशी धरली, कारण ट्रकवाल्याचे डोळे हेडलाइटच्या बऱ्याच वर असतात. पट्टी चमकली, पण घरी वाटली होती तेवढी नाही. मग पुतण्याला म्हटलं, ओत तिच्यावर तांब्याभर पाणी. त्याने ओतलं आणि तिथूनच ओरडला, "काका, विझली की ही!" चमक गेली होती, करडी चिंधी उरली होती.

कारण साधं आहे. या कापडी पट्टीवर काचेचे बारीक मणी उघडे असतात. त्यांच्यावर पाण्याचा थर बसला की प्रकाश वळायचा तसा वळत नाही. म्हणजे ज्या पावसासाठी पट्टी लावली, त्याच पावसात ती निकामी. पाऊस झेलूनही चमक टिकवणारी चांगली कापडी पट्टी असते, पण सुट्या मीटरवर मिळणारी तशीच असेल याचा भरवसा नाही.

घ्यायची ती प्रिझमवाली: प्लास्टिकसारखी गुळगुळीत, आत मधाच्या पोळ्यासारखी किंवा चौकटींची नक्षी. तिचे प्रिझम आत बंदिस्त असतात, त्यामुळे पाणी नुसतं वरून वाहून जातं. पण नक्षी बघून पैसे देऊ नका. वीतभर तुकडा आणा, पार्किंगमध्ये टांगा, ओला करा, मगच पुढचे मीटर घ्या. रंग पांढरा किंवा पिवळा. लाल पट्टी पांढरीच्या मानाने फारच कमी प्रकाश परत देते.

आता ती लावायची कुठे? सगळे पाठीवर लावतात आणि वर सॅक अडकवतात. पट्टी सॅकखाली झाकली, विषय संपला. खाली पाडलेला हेडलाइट रस्त्याला धरून चालतो, त्यामुळे लांबून प्रकाश पडतो तो पायांवर आणि कमरेखाली. डोक्यापर्यंत फारसा पोचत नाही. म्हणून माझं ठाम मत: पहिली पट्टी दोन्ही घोट्यांच्या वर, दुसरी दोन्ही दंडांवर. दंड मागून, पुढून, बाजूने दिसतात आणि सॅकमुळे झाकत नाहीत. हेल्मेटच्या मागचा तुकडा शेवटी, लावावासा वाटला तर.

चिकटपट्टी पीव्हीसी रेनकोटवर टिकत नाही. त्या प्लास्टिकमधलं मऊपणाचं रसायन बाहेर झिरपतं आणि गोंद लिबलिबीत होतो. माझी पट्टी पंधरा दिवसांत सोलून आली. शिवली तर सुईच्या भोकांतून पाणी आत. शेवटी बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून चार पट्टे करून घेतले: दोन इंची इलॅस्टिक, त्यावर प्रिझम पट्टी शिवलेली, टोकाला व्हेल्क्रो. रेनकोट घातला की वरून दोन दंडांना, दोन घोट्यांना. रेनकोट बदलला तरी पट्टे तेच. फार घट्ट आवळू नका, ब्रेक दाबताना हात अडकतो.

सॅक आणि मागे बसणारा

सॅकचं काळं कव्हर फेकून पिवळं आणा. मागे कोणी बसलं तर मागून येणाऱ्याला दिसतं ते त्याचंच अंग, तुमचं नाही. दंडाचे पट्टे काढून त्याला द्या.

निगा

रेनकोट सावलीत वाळवा. फ्लोरोसंट रंग उन्हानेच मरतो. कॉलर उलटून आतला रंग आणि पाठीचा रंग शेजारी धरून बघा. फरक ठळक असेल तर तो आता साधा पिवळा रेनकोट झाला. माझा दोन पावसाळ्यांच्या पलीकडे जात नाही. घोट्यांचे पट्टे चिखलाने रोज माखतात, निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसा.

या सगळ्याला एक मोठी मर्यादा आहे. रेडियम फक्त हेडलाइटच्या झोतात चमकतं. गल्लीच्या तोंडाशी आडवी उभी असलेली गाडी तुमच्याकडे प्रकाश टाकतच नाही, तिच्या चालकाला चारही पट्टे दिसत नाहीत. त्याला दिसतो तुमचा हेडलाइट. एप्रिल 2017 पासूनच्या नव्या गाड्यांचा तो आपोआप चालूच असतो, जुनी असेल तर स्वतः लावा. आणि तरीही गल्लीपाशी हात ब्रेकवर ठेवा.