मेनू कार्डाच्या इमेजमध्ये भाव बदलताना टिंबांची ओळ बिघडते? या चुका टाळा

डाळीचे भाव चढले की हॉटेलवाल्याचा पहिला निरोप डीटीपीवाल्याला जातो: कार्डावर दाल तडका ९० आहे, १२० करून द्या. मूळ फाइल कुणाकडेच नसते, असते ती फक्त इमेज. लातूर, नांदेड, परभणीकडच्या ढाब्यांची आणि जेवणाच्या हॉटेलांची बरीच कार्डं वर्षानुवर्षं अशीच इमेजवर इमेज दुरुस्त करत चालतात. आणि तिसऱ्या-चौथ्या दुरुस्तीनंतर कार्डाकडे बघितलं की भाव एका रेषेत नाहीत, नाव आणि भाव यांच्यामधली टिंबं कुठे दाट कुठे विरळ, एखाद्या भावाला अर्धं टिंब चिकटलेलं, असं दिसतं.

या कामात अंदाज चालत नाही. पदार्थाच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी पक्क्या असतात: नाव जिथून सुरू होतं ती डावी रेषा, भाव जिथे संपतो ती उजवी रेषा, आणि दोन टिंबांमधलं ठरावीक अंतर. नाव लांबो की भाव वाढो, या तिन्हींना हात लावायचा नाही. बदलते ती फक्त टिंबांची संख्या.

समजा A4 कार्ड आहे, ३०० डीपीआयचं, म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. डाव्या रकान्यात नावं २२० पिक्सेलवर सुरू होतात, भाव ११४० वर संपतात, टिंबा-टिंबात १४ पिक्सेल आणि ओळी-ओळीत ६२ पिक्सेल अंतर आहे. तुमच्या कार्डाचे आकडे वेगळे असतील. पण काम सुरू करण्याआधी ते मोजून कागदावर लिहून ठेवा आणि २२० व ११४० वर उभ्या गाइड टाका. फोटोशॉपमध्ये New Guide ची खिडकी उघडून आकडा थेट `1140 px` असा टाइप करता येतो, माउसने ओढायची गरज नाही.

पहिली चूक: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या इमेजवर काम करणं

व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करून पाठवतं. ३५०८ पिक्सेल उंचीची इमेज १६०० ची झाली, तर १४ पिक्सेलचं अंतर सुमारे ६.४ होतं. पिक्सेल अर्धा होत नाही, त्यामुळे काही टिंबं ६ वर, काही ७ वर बसतात आणि सगळ्यांच्या कडा धुरकट होतात. अशा इमेजमध्ये एका ओळीचा तुकडा दुसरीत नेमका बसत नाही, कितीही काळजी घ्या. गिऱ्हाइकाला सांगा की तीच इमेज ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तशी पाठवली की ती लहान होत नाही.

कार्ड स्कॅन केलेलं असेल तर आधी सरळ करून घ्या. अर्धा अंश तिरपेपणा डोळ्याला दिसत नाही, पण ९२० पिक्सेल रुंद रकान्यात त्याने डावं टोक आणि उजवं टोक यांत ८ पिक्सेलचा फरक पडतो. नाव वर, भाव खाली, असं दिसतं ते यामुळेच.

दुसरी चूक: टिंबं नव्याने टाइप करणं किंवा सरकवणं

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. नवा भाव मोठा आहे, जागा कमी पडते, म्हणून टिंबांची अख्खी ओळ निवडून डावीकडे सरकवली जाते किंवा दाबून बारीक केली जाते. दाबली की टिंबं लंबगोल होतात आणि अंतर १४ चं १३.६ होतं. शेजारच्या ओळीशी तुलना केली की लगेच खटकतं. पुसून पूर्णविराम टाइप केले, तर त्या फॉन्टच्या पूर्णविरामाची रुंदी वेगळी निघते आणि शेवटचं टिंब भावावर चढतं.

आधी बघा, कार्डावरची टिंबं कोणत्या पद्धतीची आहेत. इमेज २०० टक्के मोठी करून वरच्या-खालच्या चार ओळी एकदम पाहा. टिंबं एकाखाली एक उभ्या रांगेत असतील, तर कार्ड टॅब लावून बनवलेलं असण्याची शक्यता जास्त. रांग लागत नसेल, तर बनवणाऱ्याने नाव संपलं की तिथून पूर्णविराम दाबत नेले असावेत. पुढचं काम यावर ठरतं.

रांग लागत असेल तर काम सोपं आहे. त्याच रकान्यात जिरा राईसचा भाव आधीच १२० आहे आणि ती ओळ दाल तडक्याच्या पाच ओळी खाली आहे, असं धरा. मग नवा भाव टाइप करूच नका. जिरा राईसच्या ओळीचा उजवा तुकडा, म्हणजे भाव आणि त्याच्या डावीकडची सात-आठ टिंबं, ६२ पिक्सेल उंचीच्या चौकटीत निवडा. चौकटीची डावी कड दोन टिंबांच्या बरोबर मधोमध येऊ द्या. `Ctrl+J` ने त्याचा वेगळा लेअर करा, `Ctrl+T` दाबा, वरच्या पट्टीत Δ चं बटण चालू करा आणि Y मध्ये `-310` लिहा. पाच ओळी गुणिले ६२, म्हणून ३१०. X ला शून्यच ठेवा, कारण उजवी रेषा दोन्ही ओळींची एकच आहे. जुना ९० झाकला जातो, नवा १२० त्याच फॉन्टमध्ये, त्याच शाईत, त्याच टिंबांसकट जागेवर बसतो. तुकडा बसल्यावर आकड्यांची आणि टिंबांची पातळी एकदा ताडून पाहा, कारण काही कार्डांत ओळींमधलं अंतर ६१ आणि ६२ असं आलटून-पालटून असतं. एक पिक्सेल कमी-जास्त लागला तर बाणाच्या बटणाने सरकवा.

रांग लागत नसेल तर दुसऱ्या ओळीतली टिंबं आणू नका, सांध्यावर अंतर चुकेल. तिथे फक्त आकडे आणा आणि त्याच ओळीतली टिंबं कमी करा. आपल्या उदाहरणात ९० ची रुंदी ४८ पिक्सेल, तो १०९२ वर सुरू होतो. १२० ची रुंदी ७२, तो १०६८ वर सुरू होईल. शेवटच्या तीन टिंबांच्या उजव्या कडा १०५२, १०६६ आणि १०८० वर आहेत. १०८० चं टिंब आकड्याखाली जातं, आणि १०६६ चं फक्त दोन पिक्सेलवर, म्हणजे चिकटल्यासारखं दिसतं. दोन्ही काढा. आता शेवटचं टिंब आणि भाव यांत १६ पिक्सेल मोकळे राहिले, पूर्वी १२ होते. हा चार पिक्सेलचा फरक भरून काढायचा मोह आवरा. वाचणाऱ्याला ती मोकळी जागा जाणवत नाही, टिंबांचा मोडलेला ताल मात्र जाणवतो.

काढायची ती टिंबं अख्खी काढा आणि बदल ज्या टोकाला झाला त्याच टोकाची काढा. भाव वाढला तर भावाकडची, नाव लांबलं तर नावाकडची.

तिसरी चूक: पांढऱ्या ब्रशने पुसणं

कार्डाची पार्श्वभूमी पांढरी दिसली तरी ती बहुतेक वेळा पूर्ण पांढरी नसते. ब्रश फिरवला की स्क्रीनवर काही दिसत नाही, पण छापल्यावर किंवा मोबाइलचा ब्राइटनेस वाढवल्यावर ठिगळ उठून दिसतं. त्याच रकान्यातली मोकळी जागा उचलून झाका. जेपीईजीमध्ये अक्षरांभोवती आठ-आठ पिक्सेलच्या चौकोनांत फिकट डाग असतात, म्हणून अक्षराच्या कडेपासून आठेक पिक्सेल बाहेरपर्यंत झाका, नाहीतर जुन्या अक्षराची सावली मागे राहते. पार्श्वभूमीला वरून खाली रंग बदलत गेला असेल, तर मोकळा तुकडा त्याच उंचीवरून, शेजारच्या रकान्यांमधल्या पट्टीतून घ्या. अशा कार्डावर वर सांगितलेली पाच ओळी वर न्यायची युक्तीही तशीच चालत नाही, तुकड्याची कड दिसते.

चौथी चूक: नाव चौकटीने जुळवणं

‘काजू मसाला’ चं ‘काजू बटर मसाला’ करायचं आहे आणि तीन ओळी खाली ‘पनीर बटर मसाला’ आहे. मग ‘पनीर’ नंतरच्या मोकळ्या जागेसकट ‘बटर मसाला’ उचला, १८६ पिक्सेल वर न्या आणि ‘काजू’ ला लावा. दोन शब्दांतली जागाही मूळचीच येते. तुकड्याची उजवी कड मात्र टिंबाच्या मधून जाऊ देऊ नका.

हवा तो शब्द कार्डावर कुठेच नसेल तरच टाइप करा. तेव्हा Align च्या बटणांवर विसंबू नका. ती बटणं अक्षरांच्या चौकटी जुळवतात, आणि मराठीत चौकटीची उंची मात्रा-वेलांटीवर अवलंबून असते. ‘वरण’ ची चौकट शिरोरेषेला सुरू होते, ‘पिठलं’ ची वेलांटी आणि अनुस्वारामुळे बरीच वर. दोघांचा वरचा काठ जुळवला की ‘पिठलं’ खाली उतरतं. शेजारच्या ओळीच्या शिरोरेषेवरून मोजून आडवी गाइड टाका आणि नवं नाव तिला टांगा. खालूनही जुळवू नका, कारण ‘काजू’ चा ऊकार टिंबांच्या पातळीच्या खाली जातो.

भाव टाइप करावाच लागला तर मजकूर Right align करून उजव्या गाइडवर क्लिक करा, म्हणजे आकडे वाढले तरी डावीकडे वाढतील. स्पेस दाबून भाव ढकलत नेऊ नका. क्लिक गाइडवर केलं तरी शाई एक-दोन पिक्सेल आत बसते, कारण प्रत्येक आकड्याच्या कडेला फॉन्टने थोडी जागा ठेवलेली असते. म्हणून शून्याने संपणाऱ्या भावाची तुलना शून्याने संपणाऱ्या शेजारच्या भावाशीच करा. टाइप केलेलं अक्षर जुन्यापेक्षा धारदार दिसतं. त्याला ०.३ ते ०.५ पिक्सेल Gaussian Blur दिला की ते मिसळतं.

तपासणी आणि मर्यादा

जेपीईजी करण्याआधी मूळ इमेज सगळ्यात वरच्या लेअरवर ठेवा आणि तिचा मोड Difference करा. न बदललेला भाग पूर्ण काळा दिसला पाहिजे. दाल तडक्याच्या ओळीत भावापाशी उजेड दिसणं बरोबर आहे, पण मधल्या टिंबांतही ठिपके चमकत असतील तर टिंबं सरकली आहेत. अख्खं कार्ड चमकत असेल तर कुठेतरी सगळी इमेज एखाद्या पिक्सेलने हलली किंवा तिचा आकार बदलला आहे. तपासून झालं की तो वरचा लेअर काढून टाका, मग लेअर असलेली पीएसडी जपून ठेवा आणि पाठवायला वेगळी प्रत काढा. पुढच्या वेळी जेपीईजी उघडून पुन्हा जेपीईजी केली की सगळ्यात आधी ही बारीक टिंबंच विरघळतात.

एका रकान्यात सहा-सात ओळींहून जास्त बदल असतील, किंवा इमेज लहान झालेलीच मिळत असेल, तर ठिगळं लावण्यापेक्षा रकाना नव्याने टाइप केलेला बरा. फोटोशॉपच्या मजकुरात टिंबांचा टॅब मिळत नाही, म्हणून ते काम कोरलड्रॉमध्ये करा: पॅराग्राफ टेक्स्टची ७८ मिलिमीटर रुंद चौकट, Tabs मध्ये एकच टॅब उजव्या कडेला, त्याचं Alignment Right आणि Leader चालू. प्रत्येक ओळीत नाव, एकदा टॅब, मग भाव, एवढंच टाइप करायचं. पुढे भाव बदलला की टिंबं आपोआप कमी-जास्त होतात.