या चुका टाळा: प्रोफाइल लावलं, तरी रंगीत कडा आणि मऊ कोपरे का राहतात?

झिरो माइलचा स्तंभ आणि त्याचे चार घोडे नागपुरात कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी टिपलेले असतात. आमच्या ग्रुपमध्ये नुकताच असाच एक फोटो आला. सोबत तक्रार होती, "अबे, प्रोफाइल लावलं ना! तरी फांद्यांना जांभळं दिसून राहिलं, अन् कोपरे तर लोण्यासारखे झाले." फोटो साध्या १८-५५ किट लेन्सने, १८ मिमीला, f/5 वर, रॉमध्ये काढलेला. स्तंभ मध्यभागी, वरच्या डाव्या कोपऱ्यात कडुनिंबाच्या फांद्या आणि मागे मे महिन्याचं पांढरंफटक आभाळ. एकाच फ्रेममध्ये तीन वेगळे दोष होते आणि तिघांवर एकच इलाज करून झाला होता. तोच फोटो घेऊन पुढे जाऊ.

एकच टिक पुरते असं समजणं

लाइटरूम क्लासिकच्या Lens Corrections पॅनेलमध्ये Profile टॅबवर दोन टिक आहेत: Remove Chromatic Aberration आणि Enable Profile Corrections. बरेच जण दुसरी टिक करतात आणि पहिलीही तिच्यातच आली असं धरून चालतात. तसं होत नाही. प्रोफाइल म्हणजे त्या लेन्सच्या दोषांची आधीच मोजून ठेवलेली नोंद. ते रेषांचा वाक म्हणजे डिस्टॉर्शन आणि कोपऱ्यांचा अंधार म्हणजे व्हिग्नेटिंग दुरुस्त करतं. रंगीत कडांची टिक वेगळी आहे. ती फोटो स्वतः तपासून काम करते, त्यामुळे यादीत तुमची लेन्स नसली तरी ती चालते. जुन्या मॅन्युअल लेन्सवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. (मिररलेसच्या बऱ्याच लेन्सना Built-in Lens Profile applied असं लिहून येतं. तिथे दुरुस्तीची माहिती फाइलमध्येच असते आणि ती आपोआप लागते.)

ही टिक नेमकं काय करते? लेन्स लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किंचित वेगळ्या आकारात सेन्सरवर टाकते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत, म्हणजे ६००० × ४००० पिक्सेलमध्ये, मध्यापासून कोपरा साधारण ३६०० पिक्सेल दूर असतो. लाल प्रतिमा हिरवीपेक्षा फक्त ०.०५ टक्के मोठी पडली, तरी कोपऱ्यात दोघींत जवळपास २ पिक्सेलचं अंतर पडतं. मध्यावर ते शून्य असतं. आपल्या फोटोत फांदीच्या आतल्या अंगाला लालसर रेघ आणि बाहेरच्या अंगाला निळसर-हिरवी रेघ होती. काळी फांदी, मागे उजळ आभाळ, त्यामुळे १०० टक्के झूमवर ती लगेच दिसली. पहिली टिक केली आणि दोन्ही रेघा गेल्या.

या जातीच्या कडा ओळखायला सोप्या आहेत. फांदीच्या दोन अंगांना दोन वेगळे रंग, मध्यावर काहीच नाही, आणि कोपऱ्याकडे जावं तसं वाढत जाणं. अ‍ॅपर्चर f/5 वरून f/8 केलं तरी त्या हटत नाहीत.

जांभळ्या कडांवरही तीच टिक घासत बसणं

स्तंभाच्या मागे, फ्रेमच्या जवळजवळ मध्यभागी, एक फांदी फोकसच्या थोडी मागे गेली होती. तिच्या दोन्ही अंगांना सारखाच रंग दिसत होता. हा वेगळा आजार आहे. इथे रंगांचे आकार जुळतात, पण ते फोकसला एकाच अंतरावर येत नाहीत. म्हणून फोकसच्या पुढच्या वस्तूंना बहुधा जांभळी आणि मागच्यांना हिरवी झाक येते. ती फ्रेममध्ये कुठेही येऊ शकते, आणि अ‍ॅपर्चर बारीक केलं की कमी होते. आभाळ पूर्ण उडून पांढरं झालं असेल, तर काठावरचं जांभळं आणखी रुंद दिसतं. नागपुरात दुपारी बाराला आभाळाच्या बाजूने फोटो काढणार असाल, तर एक्स्पोजर थोडं खाली ठेवा. सावल्या नंतर उचलता येतात.

या कडांचा इलाज Manual टॅबवरच्या Defringe मध्ये आहे. Purple Amount आणि Green Amount हे दोन्ही ० ते २० पर्यंत जातात. आणि इथेच नवी चूक होते: स्लायडर थेट २० वर. Defringe काठावरचा तो रंग फिका करतं. तो लेन्सचा दोष आहे की कुणाच्या पदराची जांभळी किनार, हे त्याला कळत नाही. संत्र्याच्या बागेत Green Amount वाढवा, पानांच्या कडा राखाडी होतात. म्हणून Alt दाबून स्लायडर हळूहळू वर न्या, म्हणजे कुठे परिणाम होतो ते दिसतं. रंगाचा पट्टा Purple Hue ने आवळून घ्या. या फोटोत Purple Amount ४ पुरलं. मागच्या फांदीवरच्या हिरव्या झाकेला Green Amount २ दिलं, त्याहून जास्त दिलं की कडुनिंबाची पालवी मरगळायला लागली. कपडे किंवा पानं वाचवायची असतील, तर त्यांच्यावर मास्क काढा आणि मास्कमधला Defringe उणे करा. तेवढा भाग एकूण दुरुस्तीतून सुटतो.

दोन जागी एकच दुरुस्ती

प्रोफाइल लावल्यावर कडा गेल्या नाहीत, उलट फांदीच्या ज्या अंगाला लाल होतं तिथे निळसर-हिरवं आलं, तर समजा की दुरुस्ती दोनदा झाली आहे. डार्कटेबल या दुसऱ्या रॉ सॉफ्टवेअरमध्ये हे सहज होतं, कारण raw chromatic aberrations हे मॉड्युल एकदा कडा जुळवतं आणि lens correction मॉड्युल लेन्सफन डेटाबेसमधले आकडे घेऊन त्यावर पुन्हा हात फिरवतं. दोघांपैकी एकालाच हे काम द्या. डेटाबेसमध्ये तुमची लेन्स सापडत नसेल, तर आधी टर्मिनलमध्ये ही कमांड देऊन तो ताजा करून बघा:

```
lensfun-update-data
```

जेपेगची गोष्टही अशीच. बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनूतली लेन्स दुरुस्ती चालू असते, म्हणजे जेपेग बाहेर पडतो तो दुरुस्त होऊनच. त्यावर पुन्हा प्रोफाइल लावलं, तर फ्रेमच्या काठाजवळच्या इमारतीच्या भिंती आत वाकलेल्या दिसतात. आणखी एक सवय सोडा: फोटो आधी क्रॉप करून एक्स्पोर्ट करायचा आणि मग त्या फाइलवर प्रोफाइल लावायचं. प्रोफाइलचा सगळा हिशोब मूळ फ्रेमच्या मध्यापासून चालतो. मध्यच सरकला, तर दुरुस्ती वेड्यासारखी होते.

मऊ कोपऱ्यांवर प्रोफाइलची आशा ठेवणं

लाइटरूमच्या प्रोफाइलमध्ये शार्पनेस परत आणण्याची सोय नाही. उलट १८ मिमीला रेषा बाहेर फुगलेल्या असतात आणि त्या सरळ करताना कोपरे बाहेर ताणले जातात. ताणलेली वस्तू पसरणारच. व्हिग्नेटिंगची दुरुस्ती कोपरे उजळते, म्हणजे तिथला नॉइजही वर येतो. मग नॉइज कमी करायचा स्लायडर उरलंसुरलं बारकाईचं काम पुसून टाकतो. वरच्या फोटोत कोपऱ्यात फक्त फांद्या होत्या, सरळ रेषा एकही नव्हती. म्हणून Amount खालचा Distortion स्लायडर १०० वरून ० केला. फांद्या थोड्या घट्ट दिसू लागल्या, आणि फ्रेमही जरा रुंद मिळाली. स्तंभ मध्यावर असल्याने त्याचं काही बिघडलं नाही. घोड्यांशेजारी काठाला एखादी इमारत असती, तर मात्र हे करता आलं नसतं.

सॉफ्टवेअरवाले याला पूर्ण हात लावत नाहीत असं नाही. डीएक्सओ फोटोलॅबची ऑप्टिक्स मॉड्युल्स आणि कॅननच्या मोफत डिजिटल फोटो प्रोफेशनलमधलं Digital Lens Optimizer लेन्सच्या मोजमापांवरून फ्रेमच्या भागानुसार शार्पनेस वाढवतात. दोघांनाही यादीतली लेन्स लागते, आणि Digital Lens Optimizer ला रॉ फाइलही. तरीही जी बारकाई सेन्सरवर उतरलीच नाही, ती तेही आणू शकत नाहीत.

म्हणून आधी मऊपणा कुठून आला ते तपासा. सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत, कारण ४५ अंशांच्या दुपारी लांबच्या इमारती गरम हवेतच थरथरत असतात आणि लेन्स विनाकारण बदनाम होते. स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, स्टॅबिलायझर बंद करा, आणि अंबाझरी तलावाच्या पलीकडच्या काठासारखी लांबची सपाट ओळ घ्या. मध्यावर फोकस करून f/4 आणि f/8 वर एकेक फोटो काढा. f/8 वर कोपरे सुधारले, तर लेन्स ठीक आहे, ती उघड्या अ‍ॅपर्चरला कमजोर आहे इतकंच. न सुधारल्यास लाइव्ह व्ह्यूमध्ये कोपऱ्यावर फोकस करून पुन्हा काढा. आता कोपरा चोख आला आणि मध्य मऊ झाला, तर लेन्सचा फोकस सपाट पडत नाही, वाडग्यासारखा वळतो. अशा लेन्सला मध्य आणि कोपरा यांच्या मधल्या जागी फोकस करून f/8 किंवा f/11 वापरणं बरं. त्यापुढे f/16 ला गेलात, तर पूर्ण फ्रेमच मऊ व्हायला लागते.

चारपैकी एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ असेल, तर कॅमेरा उलटा करून तोच फोटो पुन्हा घ्या. फाइलमध्ये मऊपणा फ्रेमच्या त्याच बाजूला राहिला, म्हणजे कॅमेरा फिरला तसा तोही फिरला, तर लेन्सच्या आतली काच जागेवरून सरकली आहे. मऊपणा दृश्यातल्या त्याच वस्तूवर राहिला, तर ती वस्तू फोकसच्या अंतरात नव्हती किंवा तुमचा कॅमेरा ओळीला तिरका होता. सरकलेल्या काचेवर कुठलंही प्रोफाइल चालत नाही, कारण प्रोफाइल दोन्ही बाजू सारख्या धरूनच बनवलेलं असतं. लेन्स नवी असेल, तर परत करायची मुदत संपायच्या आत हे फोटो दुकानदाराला दाखवा. जुनी असेल, तर सर्व्हिसचा खर्च आणि लेन्सची किंमत शेजारी ठेवून ठरवा. किट लेन्सच्या बाबतीत दुरुस्तीपेक्षा दुसरी वापरलेली लेन्स बहुधा स्वस्त पडते, फक्त ती घेताना दुकानातच ही उलटी-सुलटी चाचणी करून घ्या.

लग्नाच्या ग्रुप फोटोत मऊ कोपऱ्यांच्या लेन्सने पहिल्या रांगेचा शेवटचा मामा दरवेळी मऊच येणार. झूम २४ किंवा २८ मिमीवर घ्या, चार पावलं मागे या, आणि काठाला थोडी जागा सोडून नंतर क्रॉप करा.