सातबारा आणि फेरफाराचा इंग्रजी अनुवाद: या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक ‘भोगवटादार’ या शब्दावर होते. अनुवादक सरळ ‘ओनर’ लिहून टाकतो. पण सातबारातला ‘सात’, म्हणजे गाव नमुना सात, हे अधिकार अभिलेख पत्रक आहे, मालकीचा दाखला नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या इंग्रजी पाठात या शब्दासाठी ‘ऑक्युपंट’ आहे, तोच ठेवा. अडचण अशी की परदेशी वकिलाच्या कानाला ‘ऑक्युपंट’ म्हणजे भाडेकरू किंवा नुसता राहणारा वाटतो. म्हणून पहिल्याच उल्लेखापाशी अनुवादकाची टीप द्या: सरकारला महसूल देऊन जमीन धारण करणारी ही व्यक्ती आहे. वर्ग १ असेल तर हस्तांतरणावर त्या धारणापद्धतीचे बंधन नसते, वर्ग २ असेल तर असते. हा वर्गाचा आकडा गाळला, तर विक्रीला परवानगी लागेल की नाही हेच वकिलाला कळत नाही.

दुसरी गोष्ट क्षेत्राची. उताऱ्यावर ०.८१.०० असे दिसते. हे ०.८१ एकर नव्हे. ओळीने हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन आकडे आहेत. १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणजे जमीन ८,१०० चौरस मीटर, साधारण दोन एकर. मूळ आकडा एककांसह तसाच लिहा, एकर हवे असतील तर टिपेत द्या. लागवडीयोग्य क्षेत्र ०.७८.०० आणि पोटखराब ०.०३.०० वेगळे दाखवले असेल, तर दोन्ही आकडे राहू द्या, बेरीज करून एकच लिहू नका.

आता हे एका काल्पनिक उताऱ्यावर पाहू. खातेदार मयत झाला. फेरफार १४८२ ने पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी अशी चार नावे वारस म्हणून लागली. पुढे मुलीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र केले आणि फेरफार १६१० ने तिचे नाव कमी झाले. सातबारावर तिचे नाव पुसलेले नसते. त्याला कंस असतो किंवा त्यावर रेघ मारलेली असते. टंकलेखनात कंस सुटला, की वकिलासमोर चार हयात हिस्सेदार उभे राहतात आणि मुलीचा चौथा हिस्सा धरून हिशेब सुरू होतो. कंस तसाच ठेवा आणि बाजूला टीप लिहा: मूळ दस्तात हे नाव कंसात असून नोंद १६१० ने कमी केलेले. नावाशेजारचा फेरफार क्रमांकही सोडू नका, वकील त्यावरूनच एकेक नोंद जुळवत मागे जातो.

फेरफाराच्या मजकुरात महसुली बोली असते आणि तिथे शब्दकोश फसवतो. ‘वारसांच्या वर्दीवरून’ म्हणजे वारसांनी दिलेल्या खबरीवरून. इथल्या ‘वर्दी’चा ‘युनिफॉर्म’ झालेला अनुवादही सापडतो! ‘बोजा’ला ‘चार्ज’ म्हणा, ‘बर्डन’ नको. ‘ए. कु. क.’ म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. हा आडनावाचा भाग समजून नावात मिसळला, तर एकट्याच्या नावावरची जमीन आणि कुटुंबाच्या वतीने लागलेले नाव यांतला फरकच हरवतो. हक्कसोडपत्र ‘रिलीज डीड’ आहे, बक्षीसपत्र ‘गिफ्ट डीड’. दोन्हींना ‘ट्रान्सफर’ म्हणून मोकळे होऊ नका. वारसनोंदीला तर मुळीच नको, तिथे कोणी कोणाला काही दिलेले नसते.

गाव नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही. तिचा शेवटचा रकाना अनेकदा ‘सही, शिक्का’ एवढ्यावर उरकला जातो. नोंदीचे खरे बळ तिथेच आहे. नोंद प्रमाणित केली, रद्द केली की अजून निर्णयच नाही, हे त्या शेऱ्यावरून ठरते. शेरा शब्दशः अनुवादित करा, अधिकाऱ्याचे पद आणि तारीख द्या. संगणकीकृत सातबारावर ‘प्रलंबित फेरफार’ अशी ओळ असते, तीही घ्या. शेरा वाचता येत नसेल, तर चौकटी कंसात ‘अवाच्य’ अशा अर्थाची खूण करा. अंदाजाने ‘प्रमाणित’ लिहिले, तर रद्द नोंदीवर हक्क सांगितला जाण्याची शक्यता राहते.

तारखा आणि अंकांत हस्तलिखित उतारे हमखास दगा देतात: १ आणि ९, ५ आणि ६ एकमेकांसारखे दिसतात. गट क्रमांक आठ-अ उताऱ्याशी आणि फेरफाराच्या बाधित गटाच्या रकान्याशी ताडून घ्या. ०४/०३/२००९ ही तारीख अमेरिकेत ३ एप्रिल वाचली जाते, म्हणून महिना अक्षरात लिहा. नावांचे स्पेलिंग पासपोर्टवरचे घ्या. पण उताऱ्यात एकाच माणसाचे नाव दोन तऱ्हेने लिहिले असेल, तर दोन्ही तशीच ठेवून टीप द्या. ती एकच व्यक्ती आहे हे ठरवणे अनुवादकाचे काम नाही. त्यासाठी वकील वेगळे प्रतिज्ञापत्र मागेल.