औद्योगिक क्रांतीचा धडा तीन तक्त्यांत कसा उतरवावा

औद्योगिक क्रांतीच्या धड्याची टिपणे काढायला बसले की बहुतेक मुले वहीच्या पानावर उभी रेघ मारतात, डावीकडे ‘कारणे’ लिहितात, उजवीकडे ‘परिणाम’. तिसऱ्या परिच्छेदाला गाडी अडते. सूतकताईचे यंत्र आले, हे कारण की परिणाम? सुताची टंचाई होती म्हणून ते आले, म्हणजे परिणाम. ते आल्यामुळे गिरण्या उभ्या राहिल्या, म्हणजे कारण. मग मनाला येईल त्या रकान्यात ते टाकले जाते आणि परीक्षेत नेमके तिथेच घोटाळा होतो.

यावर उपाय आहे तो तक्त्यांच्या क्रमात. आधी सनावळी करायची, मग कारणे, शेवटी परिणाम. सनावळी समोर असली की कशामुळे काय झाले हे अर्धेअधिक आपोआप दिसते, कारण नंतर घडलेली गोष्ट आधीच्या गोष्टीचे कारण होऊ शकत नाही. धड्यातला इंग्लंडच्या कापडधंद्याचा भाग घेऊन हे सगळे करून पाहू. या धड्याचा कणा तोच आहे.

पहिले वाचन: फक्त खुणा

पेन्सिल घेऊन धडा एकदा सलग वाचा आणि काहीही उतरवून घेऊ नका. सन दिसला की त्याभोवती गोल करा. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘गरज भासली’ असे शब्द आले की समासात ‘का’ लिहा. ‘त्यामुळे’, ‘परिणामी’ आले की ‘प’. एकाच वाक्याला दोन्ही खुणा पडल्या तर पडू द्या, पुढे तीच वाक्ये सर्वांत उपयोगी पडतात. ‘यंत्रांमुळे उत्पादन वाढले’ अशा वाक्यापुढे मात्र प्रश्नचिन्ह टाका. कोणते यंत्र, कशाचे उत्पादन, हे कळेपर्यंत त्याला तक्त्यात जागा नाही.

सनावळी: चार रकाने

नेहमीच्या सनावळीत दोनच रकाने असतात, सन आणि घटना. इथे आणखी दोन लागतात: ‘काम कोणते’ आणि ‘पसरले केव्हा’.

| सन | घटना | काम कोणते | पसरले केव्हा |
|---|---|---|---|
| १७३३ | जॉन के, धावता धोटा | विणणे | दोन-तीन दशकांनी |
| १७६४ | जेम्स हरग्रीव्हज, स्पिनिंग जेनी | कातणे | लवकर, घराघरांत |
| १७६९ | रिचर्ड आर्कराइट, वॉटर फ्रेम | कातणे | १७७१च्या क्रॉमफर्ड गिरणीपासून |
| १७७९ | सॅम्युएल क्रॉम्प्टन, म्यूल | कातणे | पुढच्या दशकात |
| १७८५ | एडमंड कार्टराइट, यंत्रमाग | विणणे | १८२०नंतर |

तिसरा रकाना वरून खाली वाचा: विणणे, कातणे, कातणे, कातणे, विणणे. कापडधंद्याची सगळी गोष्ट या पाच शब्दांत आहे. धावत्या धोट्याने विणकराचा वेग वाढला आणि सूत कमी पडू लागले. आधीच एका मागाला सूत पुरवायला अनेक जणांना कातत बसावे लागे. ती तूट भरून काढायला कताईची तीन यंत्रे आली. मग सूत इतके निघू लागले की विणणारे हात कमी पडले, आणि यंत्रमागाची गरज भासली.

चौथा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तो गाळू नका. शोध लागला आणि दुसऱ्या दिवशी देश बदलला, असे धडा वाचताना वाटते. कार्टराइटचा पहिला यंत्रमाग ओबडधोबड होता. त्यात सुधारणा होऊन तो गिरण्यांमध्ये सर्रास दिसायला तीन-चार दशके गेली. हे अंतर नोंदवले नाही तर परिणामांचा तक्ता चुकतो. कसा, ते पुढे येईलच.

सनांबाबत एक व्यावहारिक सूचना. जेनीचा सन कुठे १७६४, कुठे १७६५, तर कुठे १७७० छापलेला असतो. १७७० हे पेटंटचे वर्ष आहे, शोध त्याआधीचा. तुमच्या पाठ्यपुस्तकात जो सन आहे तोच तक्त्यात लिहा.

कारणे: पाया वेगळा, ठिणगी वेगळी

आता समासातल्या ‘का’च्या खुणा गोळा करा. दगडी कोळसा, वसाहतींतून येणारा कापूस, व्यापारातून साठलेले भांडवल, शेतीतून मोकळे झालेले मजूर, अशी यादी निघेल. ही सगळी ‘पाया’ या गटातली कारणे. ती बराच काळ अस्तित्वात होती, म्हणून ‘नेमके तेव्हाच का?’ या प्रश्नाला ती उत्तर देत नाहीत. ते उत्तर ‘ठिणगी’ गटात मिळते, आणि ठिणग्या सनावळीतूनच निघतात.

| काय घडले | ठिणगी | पाया |
|---|---|---|
| कताईची यंत्रे आली | धावत्या धोट्यामुळे सुताची टंचाई | सुती कापडाला वाढती मागणी |
| गिरणी उभी राहिली | वॉटर फ्रेम घरात चालवता येईना | भांडवल, वाहते पाणी |
| यंत्रमाग आला | सूत मुबलक, विणणारे कमी | कताईच्या गिरण्या |
| गिरण्या वाफेवर गेल्या | वॉटचे चाक फिरवणारे इंजिन | दगडी कोळसा |

मधल्या रकान्यात काही लिहिण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा: हे नसते तर ती गोष्ट तेव्हा घडली असती का? कोळशाला हा प्रश्न विचारून पाहा. बरीच मुले ‘कोळसा मुबलक होता म्हणून गिरण्या सुरू झाल्या’ असे लिहितात. पण आर्कराइटची क्रॉमफर्डची गिरणी पाण्याच्या जोरावर चालायची, यंत्राच्या नावातच पाणी आहे. म्हणून सुरुवातीच्या गिरण्या नदी-ओढ्यांकाठी, बऱ्याचदा खेड्यांत, उभ्या राहिल्या. कापडधंद्यात कोळसा महत्त्वाचा झाला तो १७८०च्या दशकात, वाफेचे इंजिन गिरणीचे चाक फिरवू लागल्यावर. त्यानंतर गिरणी नदीला बांधलेली राहिली नाही आणि शहरांत धुराडी दिसू लागली. म्हणून कोळसा चौथ्या ओळीत येतो, दुसऱ्या ओळीत नाही.

जेम्स वॉटबद्दलही असेच. ‘वॉटने वाफेचे इंजिन शोधले’ हे वाक्य तक्त्यात नको. न्यूकमेनचे इंजिन १७१२पासून खाणींतले पाणी उपसत होते. वॉटने १७६९मध्ये स्वतंत्र कंडेन्सरचे पेटंट घेतले, त्यामुळे कोळसा पुष्कळ वाचू लागला. मात्र चाक फिरवणारे इंजिन त्याने १७८०च्या दशकात आणले. वाफेसाठी सनावळीत ओळ घालायची असेल तर हे तीन टप्पे एकाखाली एक लिहा.

जेनी, वॉटर फ्रेम आणि म्यूल यांची सरमिसळ होत असेल तर सुताकडे पाहा. जेनीचे सूत नाजूक, म्हणून ते आडव्या धाग्याला, म्हणजे बाण्याला वापरत. वॉटर फ्रेमचे सूत मजबूत, ते उभ्या ताण्याला चाले. क्रॉम्प्टनने दोन्ही यंत्रांतले गुण एकत्र केले आणि बारीक तरी पक्के सूत काढले. म्यूल म्हणजे खेचर, दोन जातींचा संकर. नावातच उत्तर आहे.

परिणाम: ‘कोणावर’ हा रकाना हवाच

इथे सर्वांत जास्त चुका होतात. ‘यंत्रे आल्यामुळे कारागीर बेकार झाले’ हे वाक्य ऐकायला बरोबर वाटते, पण तक्त्यात घालताना विचारा: कोणते कारागीर, आणि केव्हा?

| कशामुळे | कोणावर | काय झाले | केव्हा |
|---|---|---|---|
| जेनी | घरी कातणारे | रोजगार जाण्याची भीती, हरग्रीव्हजची यंत्रे मोडली | १७६८ |
| मुबलक सूत | हातमाग विणकर | मागणी वाढली, कमाई चांगली | अठराव्या शतकाची अखेर |
| यंत्रमाग | हातमाग विणकर | मजुरी घसरली, धंदा बसला | १८२०नंतर विशेष |
| गिरण्यांतले बालमजूर | कामगार मुले | कारखाना कायदा | १८३३ |

दुसरी आणि तिसरी ओळ एकत्र वाचा. माणसे तीच, परिणाम उलटे. कताईच्या यंत्रांनी विणकरांना आधी सुगीचे दिवस आणले. त्यांच्या मुळावर आला तो यंत्रमाग, तोही शोधानंतर तीन-चार दशकांनी. सनावळीतला ‘पसरले केव्हा’ हा रकाना इथे कामाला येतो. तो नसता तर ‘१७८५: विणकर बेकार’ असे लिहून आपण मोकळे झालो असतो. ‘जेनीमुळे विणकरांचे हाल झाले’ असे वाक्य वहीत सापडले, तर कातणे आणि विणणे यांची गल्लत झाली आहे असे खुशाल समजा.

शेवटच्या ओळीत ‘कायदा झाला’ एवढेच लिहून थांबू नका, एक नेमकी तरतूद सोबत लिहा. १८३३च्या कायद्याने बहुतेक कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, आणि पाळत ठेवायला निरीक्षक नेमले. धड्यात कायदे चार-पाच असले तरी प्रत्येकाला एवढे पुरते.

लोकसंख्या, शहरे, प्रदूषण, वसाहतींवरचे परिणाम यांच्या ओळी याच पद्धतीने वाढवता येतील. वसाहतींची ओळ लिहितानाही ‘कोणावर’ मध्ये ‘भारत’ असे मोघम लिहू नका, ‘भारतातले विणकर’ असे लिहा.

तक्ते तपासायचे कसे

तिन्ही तक्ते शेजारी ठेवा. कारणांच्या आणि परिणामांच्या प्रत्येक ओळीवर सनावळीतला सन बारीक अक्षरात टाका. जिथे परिणामाचा सन कारणाच्या आधीचा निघेल, तिथे ओळ चुकली आहे. सनच सापडत नसेल तर बहुधा ते पायाचे कारण आहे, त्याला उजव्या रकान्यात हलवा.

मग शब्द कापा. एका चौकोनात सहा-सात शब्दांपेक्षा जास्त मजकूर असेल तर तो तक्ता राहत नाही, रकान्यांत कोंबलेला धडा होतो. मात्र नाव, काम आणि ‘कोणावर’ यांना कात्री लावू नका. ‘खूप’, ‘मोठ्या प्रमाणावर’, ‘क्रांतिकारक’ हे शब्द आधी उडवा.

उजळणीच्या वेळी सनावळीचा ‘काम कोणते’ हा रकाना हाताने झाका आणि प्रत्येक यंत्रासमोर कातणे की विणणे ते सांगा. पाचही बरोबर आले की कारणांच्या तक्त्याचा मधला रकाना झाका. तिथे अडखळलात तर तक्ता पुन्हा घोकू नका. पुस्तक उघडा आणि समासात ‘का’ व ‘प’ अशा दोन्ही खुणा ज्या वाक्याला पडल्या होत्या, तेवढे वाक्य पुन्हा वाचा.