लाइनीने हवा धरली की काय करावं : उंचवट्यावरचा एअर व्हॉल्व्ह

वरची टाकी भरलेली आहे, खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे, वाटेत कुठे गळती दिसत नाही, तरी पाणी हवं तेवढं येत नाही. अशा वेळी आधी कचरा अडकल्याचा संशय येतो आणि नंतर ‘पाइपच लहान पडला’ यावर सगळ्यांचं एकमत होतं. चढउतारावरून गेलेल्या लांब लाइनीत मात्र पाइप बदलण्याआधी हवा तपासावी. ते काम पुष्कळच स्वस्त आहे.

उदाहरणासाठी एक साधी लाइन घेऊ. आतला व्यास ८० मिमी, लांबी १,५०० मीटर. खालची टाकी वरच्या टाकीपेक्षा १२ मीटर खाली आहे. वाटेत दोन उंचवटे आहेत. पहिला ४०० मीटरवर, वरच्या टाकीच्या पाण्यापेक्षा ६ मीटर खाली. दुसरा १,००० मीटरवर, ९.५ मीटर खाली. दोन्हींच्या पुढे पाइप चांगला खोल उतरतो. गुळगुळीत प्लास्टिकच्या पाइपात या उंचीवर सेकंदाला सुमारे ३.७५ लिटर पाणी यायला हवं, म्हणजे २०० लिटरचं पिंप साधारण ५३ सेकंदांत भरायला हवं. प्रत्यक्षात ते ७१ सेकंदांत भरतं. पाव हिस्सा पाणी गेलं कुठे?

पाणी वाटेत सांडलेलं नाही, उंची सांडली आहे. पाइप पूर्ण भरलेला असला की उंचवट्यावर चढताना पाण्याची जेवढी उंची खर्च होते, तेवढी पलीकडे उतरताना परत मिळते. म्हणून भरलेल्या पाइपाला मधल्या टेकाडाचं काही वाटत नाही. पण माथ्यावर हवा साठली की ती माथ्यापासून पलीकडच्या उतारावर पसरते. तिच्याखालून पाणी पन्हाळीतून वाहावं तसं पाइपाच्या तळाशी पातळ धार धरून धावतं. त्या सगळ्या पट्ट्यात हवेचा दाब एकसारखाच असतो, त्यामुळे तेवढ्या उताराची परतफेड होत नाही. हवेच्या पट्ट्याचं वरचं टोक आणि खालचं टोक यांत ३ मीटर उंचीचा फरक असेल, तर तुमच्या १२ मीटरांतले ३ मीटर गेले. पट्टा लांबीला किती आहे याला इथे महत्त्व नाही, उभी उंची मोजायची. अशा सगळ्या उंचवट्यांची बेरीज होते. ती १२ मीटरला भिडली तर पाणी साफ बंद, आणि कुठे काही तुटलेलं नसताना.

ही हवा येते तरी कुठून? कोरडी लाइन भरताना तर ती अडकतेच. टाकीतलं पाणी तोंडापर्यंत उतरलं की भोवरा होऊन हवा आत ओढली जाते. शिवाय पाण्यातच हवा विरघळलेली असते, नेहमीच्या तापमानाला आकारमानाने सुमारे २ टक्के. दाब कमी झाला की ती सुटते, आणि दाब कमी असतो तो नेमका माथ्यावर. म्हणूनच एकदा हवा काढून काम संपत नाही.

आता क्रमाने.

१. हवाच आहे ना, हे आधी ठरवा. सुटणाऱ्या पाण्याजवळ पाच मिनिटं उभे राहा. धार मधूनच फुसफुसते का, थांबून जोरात येते का, हे बघा. पाणी दुधाळ दिसलं तर काचेच्या पेल्यात घ्या. हवेने दुधाळ झालेलं पाणी पेल्यात खालून वर स्वच्छ होत जातं, कारण बुडबुडे वर चढतात. गाळाचं पाणी वरून खाली निवळतं. मात्र धार शांत आहे म्हणून हवा नाही असं समजू नका. घट्ट बसलेला हवेचा पट्टा आवाज न करता महिनोन्महिने तसाच राहतो.

२. कोणत्या उंचवट्यावर आहे ते शोधा. यासाठी लाइनीच्या पातळ्या हव्यात. लेव्हल यंत्राने घ्या, ते नसेल तर पाण्याच्या पारदर्शक नळीने टप्प्याटप्प्याने घ्या. फोनच्या जीपीएसवरची उंची इथे उपयोगाची नाही, ती काही मीटरने चुकते आणि आपल्याला पाइपाच्या व्यासाएवढा उंचवटाही महत्त्वाचा असतो. जमीन सपाट दिसते तिथे चरात पाइप वर उचलला गेलेला असतो, तोही यात धरा.

मग संशयित माथ्याच्या अलीकडे आणि पलीकडे प्रेशर गेज लावा. आपल्या लाइनीत ३०० मीटरवर पाइप वरच्या पाण्यापेक्षा १० मीटर खाली आहे आणि तिथे गेज ८.६ मीटर दाखवतो, म्हणजे आतापर्यंत १.४ मीटर खर्च झाले. ६०० मीटरवर पाइप १४ मीटर खाली आहे, गेज ८.२ दाखवतो, म्हणजे खर्च ५.८ मीटर. मधल्या ३०० मीटरमध्ये ४.४ मीटर गेले. मोजलेला प्रवाह सेकंदाला २.८ लिटर आहे, आणि घर्षणाच्या तक्त्याप्रमाणे तेवढ्या पाण्याला ३०० मीटरसाठी १.४ मीटरच लागतात. उरलेले ३ मीटर पहिल्या माथ्यावरच्या हवेने खाल्ले. संपूर्ण लाइनीला याच प्रवाहासाठी ७ मीटर लागतात, हाताशी १२ होते, म्हणजे एकूण ५ हरवले. बाकीचे २ मीटर दुसऱ्या माथ्यावर. गेज साधारण ० ते २ किलोचा घ्या. त्यावरचा १ किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १ किलो, पाण्याच्या सुमारे १० मीटर उंचीएवढा असतो. १० किलोच्या गेजवर एवढा फरक काट्याच्या जाडीत लपतो.

इथे कोणी म्हणेल, पाणी जोरात सोडलं की हवा वाहून जाईल. कधीकधी जातेही. पण हवेचा पट्टा उतारावरून खाली ढकलायला अंदाजे `√(g × D)` एवढा वेग लागतो, आणि उतार तीव्र असेल तर त्याहूनही जास्त. यात g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा ९.८१ हा आकडा आणि D म्हणजे पाइपाचा आतला व्यास, मीटरमध्ये. ८० मिमीला तो सेकंदाला ०.९ मीटरच्या आसपास येतो. आपली लाइन ठणठणीत असतानाही पाणी ०.७५ मीटरने धावतं. पाइप जितका मोठा, तितका हा वेग जास्त, म्हणून मोठ्या लाइनीत तर या उपायावर विसंबूच नये.

३. व्हॉल्व्ह कोणता, ते ठरवा. चूक होते ती बहुतेक इथेच. एअर व्हॉल्व्हच्या आत एक फ्लोट असतो. पाणी आलं की तो वर उचलला जाऊन भोक बंद करतो, हवा साठली की खाली येऊन भोक उघडतो. मोठ्या भोकाचा व्हॉल्व्ह लाइन भरताना भसाभस हवा सोडतो आणि रिकामी होताना आत घेतो. पण एकदा दाबाखाली बंद झाला की तो पुन्हा उघडत नाही. ५० मिमीच्या भोकावर ३ किलो दाब असेल तर फ्लोटला वर धरणारा जोर सुमारे ६० किलोचा होतो, नुसत्या वजनाने तो खाली पडणार कसा? २ मिमीच्या भोकावर तोच दाब १०० ग्रॅमहूनही कमी जोर देतो. तिथे फ्लोट पडतो आणि साठत आलेली हवा थोडी थोडी निघून जाते.

म्हणून रोजची हवा काढायला बारीक भोकाचा व्हॉल्व्ह हवाच. माथ्यावर दोन्ही भोकं एकत्र असलेला घेतला तर भरणं, रिकामं करणं आणि रोजचं काम असं तिन्ही भागतं. माझं मत विचाराल तर महत्त्वाच्या माथ्यांवर तोच लावावा. व्हॉल्व्ह मोठा दिसतो म्हणजे चांगला, या समजुतीने नुसत्या मोठ्या भोकाचा बसवलेला मी पाहिला आहे. पाणी होतं तिथेच राहिलं.

४. तिथला दाब पुरेसा आहे का पाहा. आपल्या लाइनीत हवा नसताना दर किलोमीटरला ८ मीटर खर्च होतात. पहिल्या माथ्यापर्यंत ३.२ मीटर गेले, माथा ६ मीटर खाली, म्हणून दाब २.८ मीटर. ठीक आहे. दुसऱ्यापर्यंत ८ मीटर गेले, माथा ९.५ मीटर खाली, म्हणून दाब जेमतेम १.५ मीटर. बऱ्याच व्हॉल्व्हना घट्ट बंद व्हायला २ मीटरच्या आसपास दाब लागतो, त्यामुळे नेहमीचा इथे ठिबकत राहील. कमी दाबावर बंद होणारा मागून घ्या, नाहीतर साधा कॉक लावून आठवड्याला हाताने हवा सोडा.

आणि माथा यापेक्षाही वर, समजा फक्त ७ मीटर खाली असता तर? पाणी वाहत असताना तिथे ओढ तयार झाली असती. अशा जागी एअर व्हॉल्व्ह हवा सोडत नाही, आत घेतो, आणि रोग वाढतो. तिथे पाइप खोल घालावा किंवा माथ्याच्या अलीकडचा भाग मोठ्या व्यासाचा करावा. तात्पुरतं म्हणून खालच्या टोकाचा व्हॉल्व्ह थोडा आवळला तर माथ्यावरचा दाब वाढतो.

५. बसवणं. लाइन बंद करून रिकामी करा. जागा माथ्याचीच, आणि भोक पाइपाच्या अगदी वरच्या बाजूला. बाजूला पाडलेल्या भोकाच्या वर हवा राहूनच जाते. सॅडलवर बारीक भोक पाडण्यापेक्षा टी टाकणं चांगलं, आणि टीची उभी शाखा शक्यतो मुख्य पाइपाच्या व्यासाची ठेवा. बारीक भोकापाशी बुडबुडे न थांबता सरळ पुढे निघून जातात, रुंद शाखेत ते वर चढून थांबतात. शाखेवर बंद करायचा कॉक, त्यावर व्हॉल्व्ह, ओळंब्यात उभा. तिरका बसला की फ्लोट अडकतो.

वर चेंबर बांधा, पण त्याला निचरा आणि हवेला वाट ठेवा. चेंबरमध्ये घाण पाणी साठलं आणि लाइन रिकामी झाली, तर व्हॉल्व्ह तेच पाणी पिण्याच्या लाइनीत ओढून घेतो.

६. हळू भरणं. पाणी पाइपात सेकंदाला ०.३ मीटरपेक्षा जोरात चढू देऊ नका. ८० मिमीला हे सेकंदाला दीड लिटर होतात. आपल्या लाइनीत ७,५०० लिटर मावतात, म्हणजे जवळपास दीड तास. घाईने भरलं तर मोठं भोक धाडकन बंद होतं आणि दणका लाइनीला बसतो. खालचं टोक उघडं ठेवा आणि एक माणूस माथ्यावर उभा करा. आधी हवेचा झोत, मग पाण्याचे शिंतोडे, मग शांतता, हा क्रम ऐकू आला पाहिजे.

मग पुन्हा पिंप लावा. ५३ सेकंदांच्या आसपास भरलं तर काम झालं. ६० ला अडकलं तर दुसऱ्या माथ्याच्या दोन्ही बाजूंना गेज लावून तोच हिशेब करा.

पुढे व्हॉल्व्ह ठिबकू लागला तर बहुधा बैठकीत वाळूचा कण असतो. खालचा कॉक बंद करून व्हॉल्व्ह खोला, फ्लोट आणि रबर धुवा, परत लावा. प्रत्यक्षात होतं असं की ठिबक थांबवायला कोणीतरी तो कॉक बंद करतं आणि तसाच विसरतं. तेव्हा काही महिन्यांनी पुन्हा पाणी कमी झालं, तर गेज काढण्याआधी चेंबरचं झाकण उघडून कॉकची मूठ कुठल्या दिशेला आहे ते पाहा.