या चुका टाळा: स्क्रीनवरचा निळा, खोक्यावर वांगी

छपाईसाठी लोगो आला की मी आधी त्यात निळा आहे का ते बघतो. स्क्रीनवरचा भडक हिरवा किंवा केशरी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चार शायांत, मंद होतो, पण तो हिरवा किंवा केशरी म्हणून ओळखू तरी येतो. निळ्याचं तसं नाही. तो थेट दुसरा रंग होतो आणि गिऱ्हाईक खोका बघून भांडायला येतं.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक म्हणजे ब्रँडचा रंग ठरवण्याचं काम सॉफ्टवेअरच्या एका क्लिकवर सोडणं. कोल्हापुरात गूळ पावडरीचे एक व्यापारी दुसरीकडे छापलेला खोका घेऊन आमच्याकडे आले. खोका टेबलावर ठेवून म्हणाले, "काय ओ हे? निळा सांगितलेला, ह्यांनी वांगं करून दिलंय." डिझायनर मशीनला दोष देत होता आणि प्रेसवाले फाइलला. फाइल उघडली. मूळ लोगोतला रंग `#0000FF`, म्हणजे स्क्रीनवर निघू शकतो तितका शुद्ध निळा. फोटोशॉपमध्ये Image > Mode > CMYK Color केलेलं, सेटिंग जसं आलं तसंच, म्हणजे U.S. Web Coated (SWOP) v2. आकडे आलेले सायन ८८, मॅजेंटा ७७, यलो ०, ब्लॅक ०. मशीनने सांगितलं तेच छापलं होतं.

यातलं कारण समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. स्क्रीन प्रकाश फेकते, शाई प्रकाश खाते. कागदावर निळा काढायला सायनवर मॅजेंटा चढवावा लागतो आणि तेवढा लखलखीत निळा या दोन शायांतून येतच नाही. मग सॉफ्टवेअर त्याला जवळचा वाटेल तो रंग निवडतं, आणि त्यात मॅजेंटा सायनच्या अगदी जवळ येऊन बसतो. ८८ आणि ७७ मध्ये फरक फक्त ११ चा. त्यात मशीनवर मॅजेंटाचे ठिपके थोडे जरी फुगले, तरी रंग जांभळ्याकडे कलतो. सायन आणि मॅजेंटात निदान ३० चा फरक ठेवायचा, हा छपाईतला जुना नियम आहे आणि मी तो ब्रँडच्या निळ्यासाठी कधीच मोडत नाही.

त्या खोक्यासाठी आम्ही दुसऱ्या एका कामाच्या शीटवर वाया जाणाऱ्या कडेला सायन/मॅजेंटाच्या चार पट्ट्या घातल्या: १००/७०, १००/६०, १००/५० आणि ९०/५०. बोर्ड मात्र तोच, ज्यावर खोका छापायचा होता. आर्ट पेपरवर पट्टी काढून डुप्लेक्स बोर्डाचा रंग ठरवता येत नाही. बोर्डाचा पांढरा तितका पांढरा नसतो. शाई वाळल्यावर पट्ट्या दारात, दिवसाच्या उजेडात बघितल्या आणि मग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली. १००/७० अजून जांभळट वाटत होता, १००/५० आकाशीकडे निघाला होता. व्यापाऱ्यांनी १००/६० वर बोट ठेवलं आणि तोच छापला. हा आकडा त्या बोर्डाचा आणि त्या मशीनचा आहे, तो उचलून स्वतःच्या फाइलमध्ये टाकू नका. पट्ट्या काढायची पद्धत उचला.

इथे घाईची मंडळी दोन आडवाटा धरतात. निळा गडद दिसावा म्हणून कोणी त्यात ब्लॅक घालतं, आणि जांभळा मारायला कोणी यलो घालतं. ब्लॅकने रंग मळकट होतो. यलो निळ्याच्या विरुद्ध जातो, त्यामुळे ५ टक्के घातला तरी चकाकी गेलेली दिसते. मला ब्रँडचा निळा दोनच शायांत हवा असतो.

आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा की मोबाइलवर दिसतो तो उजेड कागदावर येणार नाही. तो फरक फारच खुपत असेल तर पाचवा, म्हणजे स्पेशल रंग घ्यावा लागतो. चार रंगांच्या मशीनवर त्यासाठी शीट पुन्हा एकदा मशीनमधून काढावी लागते, एक प्लेट वाढते, खर्च वाढतो. त्यातही रिफ्लेक्स ब्लू निवडलात तर तो सावकाश वाळतो आणि घासला की डाग धरतो, तेव्हा डिलिव्हरीची तारीख लावताना हे धरून चाला. थोड्या खोक्यांसाठी मी हा सल्ला देत नाही. वर्षभर एकच डिझाइन मोठ्या संख्येने छापणाऱ्याला जरूर देतो.

दुसरी चूक वरवर बारीक दिसते, पण पट्टी काढून केलेली सगळी मेहनत ती वाया घालवते. रंगाचे आकडे बरोबर ठरतात, पण ते आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांच्या फाइलमध्ये टाइप केले जातात. इलस्ट्रेटरमध्ये आरजीबी डॉक्युमेंटमध्ये १००/६०/०/० टाकलंत की ते आतल्या आत आरजीबी होतं आणि नंतर सीएमवायके केलं की भलतेच, दशांशात अडकलेले आकडे बाहेर येतात. ब्रँडच्या रंगात असा अपूर्णांक दिसला की तो कुठेतरी आपोआप बदलला गेलाय असं मी धरून चालतो. म्हणून आधी File > Document Color Mode > CMYK Color, मग आकडे, आणि पीडीएफ करताना Output मध्ये No Conversion. शेवटी अॅक्रोबॅट प्रोमध्ये Output Preview उघडून कर्सर लोगोवर नेतो. तिथे १०० आणि ६० दिसले तरच फाइल प्लेटला जाते. या तपासणीला मिनिटभरही लागत नाही, तरी नवीन मुलं ती टाळतात याचा मला खरंच राग येतो.

आता काळा. स्क्रीनवरचा शुद्ध काळा वर सांगितलेल्या SWOP सेटिंगवर आपोआप बदलला की ७५/६८/६७/९० होतो. म्हणजे घटकपदार्थांची बारीक अक्षरं चार प्लेटांवर वाटली गेली. रजिस्टर, म्हणजे चारही प्लेटांची जुळणी, केसभर हललं की इंग्रजी कसंबसं वाचता येतं, मराठीत मात्र अनुस्वार भरतो, रफार पुसट होतो, वेलांटीला रंगीत सावली येते. बारीक मजकूर ०/०/०/१०० च हवा आणि तो ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापलेला हवा.

प्रोफाइल, म्हणजे SWOP सारखं रंग बदलायचं सेटिंग, कोणतं हे प्रेसला विचारा. उत्तर आलं नाही तर कोटेड कागदासाठी मी Coated FOGRA39 धरतो. SWOP अमेरिकेतल्या वेब, म्हणजे कागदाच्या रिळावर छापणाऱ्या मशीनसाठी आहे, सुट्या शीटवर छापणाऱ्या आपल्या शीटफेडसाठी नाही.

एकदा सीएमवायके केलेली फाइल पुन्हा आरजीबी करून "रंग परत आणायला" जाऊ नका, गेलेला रंग येत नाही. मूळ आरजीबी फाइल वेगळी जपून ठेवा.

लेटरहेडचा मॅप्लिथो, म्हणजे कोटिंग नसलेला कागद, शाई पितो, खोक्याचा आकडा तिथे फिका दिसतो. त्याची पट्टी वेगळी काढा.

मॅट लॅमिनेशन करायचं असेल तर मंजुरीच्या पट्टीवरही तेच लॅमिनेशन चढवून दाखवा, कारण त्याने रंग दबतो. मंजूर पट्टीच्या मागे मी कागदाचं नाव, आकडे, तारीख आणि गिऱ्हाइकाची सही घेतो आणि ती पाकिटात घालून अंधाऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. उघड्यावर टांगलेली पट्टी उन्हाने उडते, आणि पुढच्या वर्षी तिच्याशी जुळवलेला रंग फिका निघतो.