‘अंग बाहेर येतं’ : मूळव्याध की गुदभ्रंश, हे कसं ओळखावं आणि पुढे काय करावं

७२ वर्षांच्या एक आजी तपासणीला आल्या होत्या. दीड वर्ष त्या मूळव्याधीचं मलम लावत होत्या. शौचाला बसलं की काहीतरी बाहेर यायचं, उठल्यावर त्या ते हाताने आत ढकलायच्या. अलीकडे ते नुसतं उभं राहिलं तरी येऊ लागलं होतं आणि कपड्याला सारखा चिकट ओलावा लागत होता. याआधी त्यांना दोनदा तपासलं होतं, दोन्ही वेळा कुशीवर झोपवून. झोपलेल्या अवस्थेत बाहेर काहीच नव्हतं, म्हणून कागदावर ‘मूळव्याध’ लिहिलं गेलं. आम्ही त्यांना कमोडवर बसवून कुंथायला सांगितलं, तेव्हा सुमारे ७ सेंटीमीटर लांबीचं आतडं बाहेर आलं. ती मूळव्याध नव्हती, गुदभ्रंश होता. म्हणजे गुदाशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, मोजा उलटा करावा तसा गुदद्वारातून बाहेर येणं.

या दुखण्यात निदान चुकतं ते बहुधा याच कारणाने: जे बघायचं ते बाहेर असताना कुणी बघतच नाही. म्हणून पहिली पायरी ती.

बाहेर आलेलं असताना बघा

घरच्या कुणीतरी मदत करावी, किंवा स्वतःच मोबाइलवर फोटो काढावा. संकोच वाटतो हे खरं, पण हा एक फोटो डॉक्टरांना पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

फोटोत रंगाआधी घड्या बघायच्या. पूर्ण गुदभ्रंशात घड्या गोल असतात, एकात एक ठेवलेल्या बांगड्यांसारख्या, आणि टोकाला मधोमध एक छिद्र दिसतं. मूळव्याधीत वेगवेगळे मोड दिसतात, बहुतेकदा दोन-तीन. त्यांच्यामधल्या खाचा मध्यापासून बाहेरच्या बाजूला जातात, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या. मोड ही गुदद्वाराजवळची फुगलेली, रक्तवाहिन्यांची उशी असते. गुदभ्रंशात आतड्याची सगळी भिंत बाहेर आलेली असते, त्यामुळे तो भाग चिमटीत धरला तर जाड, दुहेरी लागतो. लांबी ५ सेंटीमीटरच्या पुढे असेल तर मूळव्याधीची शक्यता फारच कमी.

दुखण्यावरून मात्र ठरवू नका. दोन्ही बऱ्याचदा न दुखता बाहेर येतात. रक्तावरूनही नक्की सांगता येत नाही. मूळव्याधीत लालभडक थेंब पडतात आणि गुदभ्रंशात शेंब जास्त नि रक्त पुसटसं, असा सर्वसाधारण कल असतो, एवढंच.

बायकांच्या बाबतीत भाषेमुळेही गोंधळ होतो. ‘अंग बाहेर येतं’ असं आपण गर्भाशयाबद्दलही म्हणतो. तेव्हा ते योनीमार्गातून येतं की शौचाच्या जागेतून, हे आधी बघावं आणि डॉक्टरांनाही तसंच स्पष्ट सांगावं. वयस्कर बाईत दोन्ही एकत्र असू शकतात, आणि तसं असेल तर ऑपरेशनचा बेत बदलतो.

बाहेर राहिलं तर आत कसं घालावं

जितका वेळ बाहेर राहील तितकी सूज वाढते, आणि जितकी सूज तितकं आत जाणं कठीण. म्हणून घाई न करता, पण लगेच.

मोठ्या माणसाला डाव्या कुशीवर झोपवावं, गुडघे पोटाशी. हातमोजे घालावेत, स्वच्छ मऊ कापड कोमट पाण्यात भिजवून त्या भागाभोवती धरावं. मग तळहाताने चारही बाजूंनी सारखा, हलका दाब द्यावा आणि तो तीन-चार मिनिटं सोडू नये. सूज थोडी उतरली की मधल्या छिद्राच्या बाजूचा भाग आधी आत सरकवावा. कडेकडून कोंबत बसलं तर गोळा आणखी फुगतो. माणसाला तोंडाने सावकाश श्वास घ्यायला सांगावं. श्वास धरला की तो नकळत कुंथतो, आणि तुम्ही ढकलताय तेवढंच पुन्हा बाहेर येतं.

सूज जास्त असेल तर साधी दाणेदार साखर उपयोगी पडते. ऐकायला विचित्र वाटेल, पण इस्पितळातही हेच करतात. सुजलेल्या भागावर साखरेचा जाड थर पसरायचा आणि १५-२० मिनिटं थांबायचं. साखर उतींमधलं पाणी ओढून घेते, भाग सुरकुततो, आणि मघाशी न जाणारं आत जातं. गोड चवीच्या कृत्रिम गोळ्या किंवा पूड इथे चालत नाहीत.

एवढं करूनही आत गेलं नाही, किंवा रंग जांभळा-काळा पडू लागला, फार दुखायला लागलं, रक्त थांबेना, तर प्रयत्न सोडून त्यावर ओलं कापड ठेवून थेट इस्पितळ गाठावं. रक्तपुरवठा तुटलेलं आतडं घरी बळाने ढकलायचं नसतं, आणि काळ्या पडलेल्या भागावर साखरही टाकायची नाही.

लहान मुलाला आईच्या मांडीवर पालथं घ्यावं. बोटाला टॉयलेट पेपर गुंडाळून ते मधल्या छिद्रात अलगद घालायचं आणि हळूच आत न्यायचं. कागद ओल्या अस्तराला चिकटतो, म्हणून बोट बाहेर काढताना आतडं बोटासोबत परत येत नाही. कागद आतच राहतो आणि पुढच्या शौचाबरोबर पडतो. पहिल्या वेळी हे डॉक्टरांकडून समोर करून घ्यावं, नंतर आईबापांना ते सहज जमतं.

लहान मुलात : ऑपरेशनची घाई नको

बहुतेक मुलं १ ते ३ वर्षांची असतात. या वयात माकडहाडावरचं त्रिकास्थी हे हाड सरळ असतं, मोठ्यांसारखी कमान त्याला अजून आलेली नसते, आणि आतड्याचं अस्तर त्याखालच्या स्नायूच्या थराला सैल चिकटलेलं असतं. त्यात बद्धकोष्ठ झालं आणि मूल पॉटीवर वीस मिनिटं कुंथत बसलं की अस्तर घसरतं. रेंगाळलेले जुलाब, जंत, कुपोषण हीही कारणं आहेत.

उपचार म्हणजे ही कारणं काढणं. शौच मऊ ठेवायला डॉक्टर लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल देतात. ते आठवड्याभरात बंद करायचं नसतं, बहुधा काही महिने चालतं. आईवडील इथेच चुकतात: दोन दिवस शौच नीट झालं की औषध थांबवतात आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. पॉटीवर पाच मिनिटांच्या वर बसवू नये. पाय हवेत लोंबकळू नयेत, तळवे जमिनीवर किंवा छोट्या स्टुलावर टेकलेले असावेत. एवढ्यावर बहुसंख्य मुलं चार-पाच वर्षांची होईतो बरी होतात.

तरीही वारंवार येत राहिलं, तर लहान मुलांचे सर्जन अस्तराखाली इंजेक्शन देऊन त्या जागी व्रण तयार करतात, म्हणजे अस्तर खालच्या थराला धरून राहतं. टाक्यांचं ऑपरेशन थोड्यांनाच लागतं. वयाच्या चार वर्षांनंतर पहिल्यांदाच सुरू झालं असेल, तर मात्र ‘वाढेल तसं जाईल’ म्हणून वाट बघू नये.

तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. घड्या नसलेला, चेरीसारखा एकच लाल गोळा दिसला तर तो बहुधा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ, असतो. मूल थांबून थांबून कळवळून रडतंय, उलट्या होताहेत, जेलीसारखं रक्त पडतंय, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. तेव्हा बाहेर दिसणाऱ्या भागाच्या कडेने डॉक्टरांचं बोट वर जातं, गुदभ्रंशात तसं जात नाही. ही तातडीची अवस्था आहे, अशा वेळी घरी ढकलाढकली करू नये. आणि मूल वजन धरत नसेल, सारखा खोकला असेल, शौच तेलकट असेल, तर घामातल्या क्लोराइडची तपासणी मागावी. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार कधीकधी गुदभ्रंशातूनच पहिल्यांदा लक्षात येतो.

वयस्कर बाईत : वाट बघण्यात तोटा

पूर्ण गुदभ्रंश पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त, आणि पन्नाशीनंतर वाढत जातो. बाळंतपणांना दोष दिला जातो, पण मूल न झालेल्या बायकांतही तो बऱ्याचदा दिसतो. वर्षानुवर्षांचं कुंथणं, ढिले पडलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि गुदाशयाला मागच्या हाडाशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा सैलपणा, हे मिळून होतं.

मुलांसारखं ते आपोआप जात नाही. शौच मऊ ठेवणं आणि स्नायू आवळण्याचे व्यायाम यांनी त्रास कमी होतो, आतडं जागेवर राहत नाही. शिवाय रोज बाहेर येणारं आतडं शौच धरून ठेवणाऱ्या स्नायूला ताणत राहतं. म्हणून नकळत शौच होण्याचा त्रास पुढे जडतो, आणि उशिरा ऑपरेशन केलं तर तो पूर्ण जाईलच असं नाही. ऑपरेशनआधी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी, करतात, कारण कधीकधी आतली गाठच आतड्याला खाली ओढत असते.

ऑपरेशनच्या वाटा दोन. पोटातून, बहुधा दुर्बिणीने, गुदाशय वर ओढून मागच्या हाडाशी टाके किंवा जाळीने पक्का करतात. याला रेक्टोपेक्सी म्हणतात. पुन्हा बाहेर येण्याचं प्रमाण यात कमी, पण पूर्ण भूल लागते आणि काहींना नंतर बद्धकोष्ठ होतं. दुसरी वाट खालून. डेलॉर्म पद्धतीत बाहेर आलेल्या भागाचं अस्तर काढून स्नायू दुमडतात, ती लहान गुदभ्रंशाला बरी. अल्टमायर पद्धतीत बाहेर आलेलं आतडंच कापून टोकं जोडतात. दोन्ही कमरेतल्या इंजेक्शनच्या भुलीवर होऊ शकतात, म्हणून अशक्त प्रकृतीला सोयीच्या, पण त्रास परतण्याची शक्यता जास्त.

त्या आजींचं हृदय कमजोर होतं आणि दमाही होता. पूर्ण भूल टाळावी असं भूलतज्ज्ञांचं मत पडलं. ७ सेंटीमीटरला डेलॉर्म अपुरं ठरलं असतं, म्हणून अल्टमायर केलं. कोलोनोस्कोपीत गाठ नव्हती. शौच मऊ करणारं औषध आधीपासून सुरू होतं, ते नंतरही चालू ठेवलं. चार महिन्यांनी त्या आल्या तेव्हा बाहेर काही येत नव्हतं. ओलावा कमी झाला होता, पण पातळ शौच झालं की अजून कपडा खराब व्हायचा. स्नायूंचे व्यायाम पुढे चालू ठेवायला सांगितले, आणि त्यांना कमोडवर बसवून पुन्हा एकदा कुंथायला लावून बघितलं.